कढी फुटते? आंबट दह्याला दोष देण्याआधी या चुका टाळा

चार दिवसांचं दही फ्रिजमध्ये राहिलं की आपल्याकडे कढीच होते. आणि ती फुटली की सगळे म्हणतात दही फार आंबट होतं. खरं सांगायचं तर कढीला आंबटच दही लागतं, ताज्या गोड दह्याची कढी मिळमिळीत लागते. फुटण्याचं कारण बहुतेक वेळा बेसनात असतं, म्हणजे ते किती घातलं, कसं कालवलं आणि उकळी येईपर्यंत ढवळलं का यात.

मागच्या महिन्यात मी मुद्दाम एकाच दह्याचे दोन भाग केले. दोन्हीत सारखंच पाणी घालून घुसळलं, एकात काहीच नाही आणि दुसऱ्यात बेसन, आणि दोन्ही पातेली शेजारी शेजारी मध्यम आचेवर ठेवली. बिनबेसनाच्या पातेल्यात वाफ निघायला लागली तशी कडेला आधी रव्यासारखी बारीक कणी दिसली, मग मधेपण, आणि दोन-तीन मिनिटांत खाली पांढरा चोथा आणि वर हिरवट पिवळं पाणी. बेसनवालं मात्र त्याच वेळी दाट होत गेलं, उकळी आली तरी एकजीव.

असं का होतं ते सांगते. दह्यातलं प्रथिन म्हणजे केसीन, आंबटपणामुळे ते आधीच एकमेकांना धरून सैलसर जाळं करून बसलेलं असतं, म्हणून तर दही लागतं. तापवलं की ते जाळं आक्रसतं, आतलं पाणी पिळून बाहेर टाकतं आणि प्रथिनाच्या गाठी होतात. बेसनात भरपूर स्टार्च असतो आणि तो उकळीच्या बराच आधी, साधारण 65 ते 75 डिग्रीला पाणी पिऊन फुगायला लागतो. फुगलेले कण केसीनच्या मधे येतात, पातळ पाणी दाट होतं आणि गाठी एकमेकींपर्यंत पोचायला जागाच राहत नाही. हे काम फक्त बेसनच करतं असं नाही बरं का, उपासाच्या कढीत शिंगाड्याचं किंवा राजगिऱ्याचं पीठ हेच करतं. पण चवीला बेसनाची सर नाही.

म्हणूनच आपल्या आजीचं "कढीला उकळी येऊ देऊ नकोस" आणि पंजाबकडच्या बायकांचं "कढी जितकी उकळेल तितकी चांगली" हे दोन्ही बरोबर आहे. आपलं ताक पातळ आणि बेसन जेमतेम चमचाभर, त्याला खळखळून उकळी सोसत नाही. त्यांच्याकडे बेसन सढळ, त्यामुळे पकोडे घालायच्या आधी ती कढी तासभरसुद्धा शांतपणे शिजते. विदर्भात गोळे कढीत सोडून शिजवतात, तिथेही कढीला बराच वेळ आचेवर राहावंच लागतं, म्हणजे बेसन हात आखडून घालून चालणार नाही.

माझं रोजचं माप असं. एक वाटी आंबट दही, तीन वाट्या पाणी आणि दोन मोठे चमचे बेसन. दही फारच आंबट असेल तर चार वाट्या पाणी आणि तीन चमचे बेसन, कारण पाणी वाढवलं आणि बेसन तेवढंच ठेवलं की राखण कमी पडते. एक गोष्ट लक्षात ठेवा, कढी कितीही आटवली तरी आंबटपणा उडून जात नाही, उलट पाणी कमी झाल्यावर जास्तच लागतो. आंबटपणा कमी करायचा असेल तर तो सुरुवातीलाच पाणी घालून करा, आणि गूळ किंवा साखर शेवटी, कारण ती आंबट झाकते, घालवत नाही.

पहिली चूक म्हणजे बेसन थेट पातेल्यातल्या ताकात टाकणं, आणि त्याहून वाईट म्हणजे गरम ताकात टाकणं. गरम पाण्यात पीठ पडलं की वरचा थर लगेच शिजतो, आत कोरडं पीठ अडकतं, त्या गुठळ्या मग कितीही ढवळा फुटत नाहीत आणि तेवढं बेसन राखणीच्या कामाला येतच नाही. त्यापेक्षा बेसन आधी दोन-तीन चमचे दह्यात कालवा, पेस्ट गुळगुळीत झाली की उरलेलं दही, मग थोडं थोडं थंड पाणी, आणि रवीने घुसळा. दह्याची एकही फुटकुळी राहू देऊ नका, ती राहिली की तिचीच पनीरसारखी कणी होते आणि लोकांना वाटतं कढी फुटली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गॅस लावल्यापासून पहिली उकळी येईपर्यंत पातेल्यापासून हलायचं नाही. ही साधारण आठ-दहा मिनिटं असतात आणि कढी फुटते ती याच वेळात, कारण दही तापलेलं असतं आणि बेसन अजून नीट फुगलेलं नसतं, शिवाय ढवळलं नाही तर ते तळाला जाऊन बसतं आणि वरचं दही एकटं पडतं. फोनवर बोलत ढवळलं तर हात थांबतो हे मी अनुभवलंय. आच मध्यम ठेवा, मोठी नको. मीठसुद्धा मी पहिली उकळी आल्यावरच घालते, आधी घातलं तर फुटायला मदत होते असं जुन्या बायका सांगतात आणि उशिरा घालण्यात तोटा काहीच नाही.

पहिली उकळी आली, कढी जरा दाट दिसली की बरेच जण तिथेच गॅस बंद करतात, तिथे दुसरी चूक होते. स्टार्च फुगला म्हणजे बेसन शिजलं असं नाही. कच्च्या बेसनाचा उग्र, हिरवट वास आणि जिभेला लागणारा पिठूळपणा जायला वेळ लागतो, वर दिलेल्या मापाला वीस ते पंचवीस मिनिटं तरी मंद आच हवी. मंद म्हणजे कडेला एखाद-दुसरा बुडबुडा, खळखळ नाही. खळखळ उकळली की उतू जाते, तळाला लागते आणि बेसन कमी असेल तर एकदम फुटतेसुद्धा. मधून मधून तळ खरवडून ढवळा. झाली की नाही ते असं बघा, चमचाभर कढी गार करून जिभेवर ठेवा, पीठ चिकटल्यासारखं वाटलं तर अजून पाच मिनिटं. चमच्याच्या पाठीवर पातळ थर राहिला पाहिजे, आणि गार झाल्यावर ती अजून दाटते म्हणून मनात असेल त्यापेक्षा थोडी पातळच उतरवा.

पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली असेल तर आंबट कढी त्यात अजिबात नको, कळकते. स्टीलचं जाड बुडाचं बरं.

फुटलीच तर फेकू नका. गॅसवरून उतरवा, एक चमचा बेसन पाव वाटी थंड पाण्यात कालवून घाला, हँड ब्लेंडरने किंवा रवीने जोरात घुसळा आणि परत मंद आचेवर सतत ढवळत दहा-पंधरा मिनिटं शिजवा. पहिल्यासारखी रेशमी होत नाही पण कणी बारीक होते आणि भातावर घेतल्यावर कळतसुद्धा नाही.

तुपाची फोडणी, म्हणजे जिरं, चार मेथीदाणे, हिंग, कढीपत्ता, मिरची, ही वरून. ठेचलेलं आलं मात्र उकळताना घाला म्हणजे त्याचा रस उतरतो. आणि उरलेली कढी दुसऱ्या दिवशी घट्ट होते, तेव्हा थोडं गरम पाणी घालून मंद आचेवर ढवळत तापवा, मोठ्या आचेवर ठेवली तर तळाला लागते.