‘साहेब, आत्ता लगेच बोलायचंय’: करसल्लागारांनो, उत्तर देताना या चुका टाळा

महिन्याच्या 20 तारखेला दुपारी जीएसटीचे पोर्टल रेंगाळत असते, मासिक जीएसटीआर-3बी भरण्याची मुदत त्याच दिवशी संपणार असते आणि नेमका तेव्हाच एखाद्या अशिलाचा निरोप येतो: “साहेब, अर्जंट. आत्ता फोन करा.” विषय काय, हे त्यात नसते. हातातले रिटर्न सोडून फोन केला, तर दुसऱ्या कोणाचे तरी विवरणपत्र राहून जाते आणि त्याच्यावर दिवसाला 50 रुपये (शून्य रिटर्न असेल तर 20 रुपये) विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर 18 टक्क्यांनी व्याज बसते. फोन केला नाही, तर खरोखरच अडचणीत असलेला माणूस वाऱ्यावर सोडल्यासारखे होते. बहुतेक कार्यालयांत हा पेच निर्माण होतो तो फोन घेतला किंवा न घेतला म्हणून नव्हे, तर पहिल्या दोन ओळींचे उत्तर चुकल्यामुळे.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे निरोप वाचून गप्प बसणे. अशिलाला निळ्या खुणा दिसतात, म्हणजे आपण वाचले आहे हे त्याला कळते, पण पुढे काय होणार ते कळत नाही. मग तो फोन करतो, तो उचलला नाही की कार्यालयाच्या नंबरवर करतो, तिथून आर्टिकलशिपच्या मुलाला गाठतो आणि तो मुलगा आपले काम सोडून आपल्याकडे येतो. दोन ओळी लिहायला जितका वेळ लागला असता त्याच्या कितीतरी पट वेळ असा जातो.

“बिझी आहे, नंतर बोलतो” हे उत्तर मौनापेक्षा थोडेच बरे. ‘नंतर’ ही वेळ नव्हे. अशिलाच्या हिशेबी ती दहा मिनिटांनी संपते. काही जण याच्या उलट टोकाला जातात आणि पोर्टल कसे बंद पडले आहे, किती रिटर्न बाकी आहेत, घरी कोण आजारी आहे, याचा पाढा वाचतात. कारण जितके लांबते तितकी समोरच्याला घासाघीस करायला जागा मिळते: “साहेब, दोनच मिनिटं.” कारण एका ओळीत सांगावे आणि ते कामाचेच असावे.

तिसरी चूक वरवर सौजन्याची वाटते. आपण विचारतो, “काय झालं?” आणि सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज येऊन पडतो, ज्यात पाचव्या मिनिटाला मूळ मुद्दा असतो. मोकळा प्रश्न विचारला की आपण बोलायला सुरुवात केली आहे, असाच त्याचा अर्थ घेतला जातो. त्याऐवजी एका शब्दात उत्तर देता येईल असा बंद प्रश्न विचारावा आणि तो असा असावा की उत्तरावरून घाई खरी की घाबरल्यामुळे आलेली, हे ठरेल.

व्यवसायात खरी घाई कशाला म्हणायची, हे आपण आधीच पक्के करून ठेवले पाहिजे. मालाची गाडी रस्त्यात अडवली असेल आणि चालकाचा जबाब घेतला जात असेल, तर ती खरी घाई. अधिकारी दुकानात तपासणीसाठी आले असतील, तर तीही खरी. ई-वे बिलाची मुदत संपत आली असेल आणि गाडी वाटेत बंद पडली असेल, तर तिथेही घड्याळ चालू असते, कारण मुदत संपण्याच्या आधीचे 8 तास आणि नंतरचे 8 तास एवढ्याच काळात ती वाढवता येते. मात्र हे काम वाहतूकदार स्वतः पोर्टलवर करू शकतो, त्यामुळे तेथे बहुधा फोनचीही गरज पडत नाही. “वाहतूकदाराला गाडीचे सध्याचे ठिकाण आणि कारण टाकून मुदत वाढवायला सांगा” एवढा निरोप पुरतो. याउलट ज्या नोटिशीमुळे अशिलाची झोप उडते, ती बहुतेक वेळा छाननीची, म्हणजे एएसएमटी-10 असते आणि तिला उत्तर द्यायला 30 दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. नेमकी तारीख नोटिशीतच असते. अशिलाला मात्र पोर्टलवरून आलेला एसएमएस तेवढा दिसलेला असतो.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. 20 तारीख, दुपारचे 4:40, हार्डवेअरचा घाऊक व्यापार करणाऱ्या अशिलाचा वरच्यासारखा निरोप. त्याला असे उत्तर द्यावे:

“शेठ, निरोप मिळाला. आत्ता रिटर्न भरण्यात आहे. 6:30 ला मीच फोन करतो, 15 मिनिटे बोलू. नोटीस आली असेल तर सगळ्या पानांचे फोटो पाठवून ठेवा. गाडी अडवली असेल किंवा अधिकारी आले असतील, तर फक्त ‘गाडी’ किंवा ‘अधिकारी’ एवढेच लिहा, लगेच फोन करतो.”

यात ‘मीच फोन करतो’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण ‘6:30 ला फोन करा’ म्हटले की अशील 6:10 पासून प्रयत्न सुरू करतो. 15 मिनिटांची मर्यादा आधीच सांगितल्यामुळे पुढे संभाषण आवरते घेणे उद्धटपणाचे ठरत नाही. फोटो मागितल्याने त्याच्या हाताला काम मिळते आणि आपल्याला बोलण्यापूर्वी कागद दिसतो. शेवटच्या वाक्याने खऱ्या संकटासाठी दार उघडे राहते. ते नसेल, तर वरची मर्यादा नुसती टाळाटाळ वाटते. हा मजकूर व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये साठवून ठेवता येतो, पण वेळ दर वेळी स्वतः बदलावी. रात्री नऊ वाजता “6:30 ला फोन करतो” असा तयार निरोप गेला, की पुढच्या वेळी कोणी विश्वास ठेवत नाही.

समजा, पाच मिनिटांनी फोटो आले आणि ती छाननीची नोटीस निघाली. इथे पुढची चूक घडते: “काही नाही हो, होऊन जाईल,” असे लिहून आपण त्याला शांत करू पाहतो. जुळवणी न पाहता दिलेले हे आश्वासन पुढे आपल्याच गळ्यात येते. लिहायचे ते एवढेच: “पाहिली. उत्तराची तारीख नोटिशीत आहे, ती आज नाही. 6:30 ला बोलू.” घाबरलेल्या माणसाला तारीख कळली की निम्मी घालमेल थांबते आणि आपण गुणदोषांवर एक शब्दही बोललेलो नसतो.

त्यानंतरही फोन आलाच, तर तो कापून नवी कारणे देऊ नयेत. “ठरल्याप्रमाणे 6:30” एवढेच लिहावे. आणि 6:25 ला आपले काम उरकलेले नसेल, तर अशिलाने विचारण्याआधी आपणच कळवावे: “7:15 होतील.” अशी वेळ एकदाच पुढे ढकलावी. दुसऱ्यांदा ढकलण्याची पाळी आली, तर काम बाजूला ठेवून पाच मिनिटे तरी बोलून घ्यावे.

फोनवर बोलणे संपले, की ठरलेली गोष्ट त्याच चॅटमध्ये लिहून ठेवावी: “मागील वर्षाची खरेदी नोंदवही आणि पुरवठादारांना दिलेल्या पैशांचा तपशील शुक्रवारपर्यंत पाठवणे.” हे लिहिले नाही, तर शुक्रवारी संध्याकाळी तोच निरोप पुन्हा येतो: “साहेब, अर्जंट. काय पाठवायचं होतं?”