तोंडी इंग्रजीच्या आधी: ‘कॅन’ गिळायला शिका

गेल्या खेपेला महिनाभर मी ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ घोटत बसलो. परीक्षेत ‘आय कॅन ड्राइव्ह’ म्हणालो, ‘कॅन’ अगदी ठणठणीत. परीक्षकांनी विचारलं, ‘व्हाय नॉट?’ त्यांना ‘कान्ट’ ऐकू आलं होतं. साध्या विधानात ‘कॅन’चं ‘कन्’ होतं आणि जोर ‘ड्राइव्ह’वर पडतो. नकारातला शब्द मात्र पूर्ण उच्चारतात, आणि त्यातला शेवटचा ‘ट’ पुष्कळदा ऐकू येत नाही. मग ऐकणारा जोरावरूनच हो की नाही ते ठरवतो.

सुटे आवाज तुम्ही केलेच असतील, ते सोडतो.

लांब शब्दांचा जोर कोशात बघून पेन्सिलीने खुणवा. ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अक्षरावर, ‘फटॉग्रफी’त दुसऱ्यावर, ‘फोटोग्रॅफिक’मध्ये तिसऱ्यावर. ‘शन’ किंवा ‘इक’ शेवटी आलं, तर बहुतेक वेळा त्याच्या लगेच आधी. ‘हॉटेल’ म्हणताना जोर ‘टेल’वर. एवढं पुरे.

आता मी विसरलो ते. बारके शब्द गिळा. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखा वेळ देतो, म्हणून ‘टू’, ‘ऑफ’, ‘फॉर’, ‘वॉज’ हेही छाती काढून उभे राहतात. त्यांचे ‘ट’, ‘अव्’, ‘फ’, ‘वझ’ करा. हा ‘अ’ आपल्याकडे आहेच. ‘आणि’चं ‘अन्’ आपण रोज करतो, तेच ‘अँड’चं करायचं. ‘आय वॉज वेटिंग फॉर अ बस टू द स्टेशन’ हे वाक्य घ्या. टेबलावर बोट फक्त तीनदा आपटा: ‘वेट’, ‘बस’, ‘स्टे’. बाकीचं सगळं त्या ठोक्यांच्या मधे घाईने कोंबायचं. मिनिटभर बोलणं रेकॉर्ड करून ऐका. ‘टू’ आणि ‘ऑफ’ स्वच्छ मोजता आले, तर अजून गिळलेले नाहीत. नुसतं भरभर बोलून चालत नाही, तेव्हा ठोकेही पळतात. मी तेही करून पाहिलंय.

पण सरसकट गिळू नका. वाक्याच्या शेवटी हे शब्द पूर्ण येतात: ‘व्हॉट आर यू वेटिंग फॉर?’, ‘येस, आय कॅन’.

आपल्या ‘च’चं काम इंग्रजीत जोर करतो. ‘मीच सांगितलं’ म्हणायचं तर ‘आय’ उचला, ‘ओन्ली’ चिकटवू नका.

आयईएल्टीएस असेल तर दुसऱ्या भागात विचाराला 1 मिनिट आणि कागद-पेन्सिल मिळते. टिपणात फक्त ठोक्याचे शब्द लिहा, म्हणजे बारके शब्द वाचले जाणार नाहीत.

आदल्या रात्री नवं काही नको. सकाळी तेच बसचं वाक्य दहादा, बोट आपटत. आणि ‘कन्’. ‘कॅन’ नाही, ‘कन्’.