तक्रारीखाली आलेलं ‘कस्टमर केअर’ खरं की खोटं, हे कसं तपासायचं

कंपनीचं नाव आणि ‘रिफंड’, ‘पैसे अडकले’, ‘खातं बंद’ असे शब्द एकाच पोस्टमध्ये दिसले की ती पोस्ट लगेच हेरणारे प्रोग्रॅम भामटे सतत चालू ठेवतात. म्हणून तक्रार टाकल्यावर मिनिटाभरात कंपनीचा लोगो लावलेलं एक खातं दिलगिरी व्यक्त करतं आणि ‘आम्हाला मेसेज करा’ म्हणतं. हे खातं खोटं असेल तर पुढचं सगळं त्या खासगी चॅटमध्ये घडतं, कारण तिथे तुम्हाला सावध करायला तिसरं कोणी नसतं.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘खासगी चॅटमध्ये जाऊच नका’. तो निरुपयोगी आहे. खऱ्या कंपन्यासुद्धा मेसेजमध्येच बोलावतात आणि ते बरोबरही आहे, कारण तुमचा बुकिंग क्रमांक किंवा फोन नंबर चारचौघांत विचारणं धोक्याचं असतं. चॅटमध्ये जायचंच, पण दार कोणी उघडलंय ते आधी बघायचं.

पोस्ट लिहिताना

पोस्टमध्ये बुकिंग क्रमांक, ऑर्डर क्रमांक, फोन नंबर किंवा पावतीचा फोटो टाकू नका. विमानाच्या तिकिटाचंच घ्या. बऱ्याच विमान कंपन्यांच्या साइटवर बुकिंग क्रमांक आणि आडनाव एवढ्यावर पूर्ण बुकिंग उघडतं. फोटोत या दोन्ही गोष्टी दिसल्या, तर भामट्याला तुमची तारीख, मार्ग, सहप्रवासी सगळं कळतं. मग तो हीच माहिती तुम्हाला सांगतो आणि तुम्हाला वाटतं, एवढं माहीत आहे म्हणजे कंपनीचाच माणूस.

एक्सवर लिहीत असाल तर पोस्ट करण्यापूर्वी, कोण उत्तर देऊ शकेल या पर्यायात `Only accounts you mention` निवडा आणि फक्त कंपनीचं अधिकृत हँडल, म्हणजे `@` पासून सुरू होणारं खात्याचं नाव, टॅग करा. मग त्या पोस्टखाली इतर कोणाला उत्तरच देता येत नाही. हँडल मात्र टाइप करताना खाली येणाऱ्या यादीतून उचलू नका, त्या यादीत नकली खातीही दिसतात. ते कुठून घ्यायचं ते पुढे येतंच. शिवाय हा पर्याय निवडला तरी भामटा तुमची पोस्ट कोट करू शकतो किंवा थेट मेसेजची विनंती पाठवू शकतो, त्यामुळे अनोळखी खात्यांच्या मेसेज विनंत्याही बंद ठेवा.

खातं तपासणं: इथेच बहुतेक जण फसतात

समजा, रद्द झालेल्या विमानाचे पैसे तीन आठवडे परत आलेले नाहीत, अशी तक्रार तुम्ही टाकली आणि खाली दोन उत्तरं आली. दोन्हींवर कंपनीचा लोगो, दोन्हींचं नाव तेच, दोन्हींची भाषा नम्र. लोक इथे चुकीच्या गोष्टी बघत बसतात.

नाव आणि लोगो बघण्यात अर्थ नाही. ठळक अक्षरांत दिसणारं नाव कोणीही काहीही ठेवू शकतं. निळ्या टिकवरही विसंबू नका. एक्सवर २०२२च्या अखेरीपासून ती वर्गणी भरून मिळते. संस्थांना सोनेरी टिक मिळते, ती जास्त भरवशाची, पण ती लावलेली खातीही हॅक होतात. ‘शुद्धलेखनाच्या चुका शोधा’ हा सल्ला तर सोडूनच द्या. भामटे खऱ्या कंपनीची उत्तरं जशीच्या तशी उचलून चिकटवतात, त्यांत चुका कुठून असणार?

हँडल मात्र एका वेळी एकाच खात्याचं असू शकतं. पण ते नुसत्या डोळ्यांनी वाचूनही भागत नाही. शेवटी एक अंडरस्कोअर, मध्ये एखादं जास्तीचं अक्षर, मागे `care` किंवा `help`. सगळ्यात वाईट म्हणजे इंग्रजीतलं छोटं `l` आणि मोठं `I`: अनेक फाँटमध्ये ही दोन अक्षरं हुबेहूब सारखी दिसतात. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर तुम्ही दहा वेळा वाचलं तरी फरक सापडणार नाही.

म्हणून आलेलं उत्तर तपासत बसू नका, उलट्या बाजूने या. कंपनीचं ॲप उघडा, किंवा तुम्हाला आधीपासून माहीत असलेला साइटचा पत्ता स्वतः टाइप करा. सर्च इंजिनमधून जाऊ नका, तिथे वर नकली जाहिराती येतात. साइटच्या तळाशी किंवा ‘संपर्क’ पानावर सोशल मीडियाच्या लिंक असतात. त्या लिंकवरून अधिकृत प्रोफाइल उघडा आणि तिथल्या `Replies` टॅबमध्ये तुम्हाला आलेलं उत्तर आहे का ते शोधा. असेल तर ते खरं. कंपनी ग्राहकसेवेसाठी वेगळं खातं चालवत असेल, तर त्याचा उल्लेख तिच्या साइटवर किंवा मुख्य प्रोफाइलमध्ये असायला हवा. दोन्हीकडे नसेल, तर ते खातं खोटं समजूनच वागा.

आणि उत्तर खरं निघालं तरी त्यातल्या बटणावरून चॅटमध्ये जाऊ नका. अधिकृत प्रोफाइल तुम्ही साइटवरून उघडलंच आहे, तिथूनच मेसेज पाठवा. ही एक सवय लागली की हँडलमधलं अक्षर ओळखण्याची कसरत करावीच लागत नाही.

फेसबुकवरही साइटवरूनच पेजवर या. जोडीला पेजच्या माहितीत ‘पेज ट्रान्स्परन्सी’ उघडा: पेज कधी तयार झालं आणि त्याचं नाव किती वेळा बदललं ते तिथे दिसतं. जुन्या कंपनीचं पेज गेल्या महिन्यातलं असेल, किंवा आधी त्याचं नाव भलतंच असेल, तर निर्णय झाला.

चॅटमध्ये काय मागितलं तर थांबायचं

खरी ग्राहकसेवा बुकिंग क्रमांक, नोंदवलेला ईमेल किंवा फोन नंबर विचारते. ती कार्डाचा सीव्हीव्ही, पिन, पासवर्ड मागत नाही आणि चॅटमध्ये ओटीपी सांगायला लावत नाही. ‘रिफंड विभाग तुम्हाला व्हॉट्सॲपवर फोन करेल’ असं सांगून दुसऱ्या ॲपवर नेणं, फॉर्मची लिंक देणं, किंवा ‘पडताळणीसाठी’ आधी थोडे पैसे भरायला लावणं, यांपैकी एक जरी आलं तरी चॅट बंद करा.

सर्वांत घातक म्हणजे स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगणं. तुम्ही ओटीपी सांगितला नाही तरी तो तुमच्या पडद्यावर येतो आणि समोरच्याला दिसतो. बँकेचं ॲप उघडलंत तर शिल्लकही दिसू शकते.

माहिती देऊन झाली असेल तर

स्क्रीन शेअर चालू असेल तर आधी इंटरनेट बंद करा, मग ते ॲप काढा. बँकेला दुसऱ्या फोनवरून, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर कळवा आणि कार्ड बंद करून घ्या. पासवर्डही दुसऱ्याच उपकरणावरून बदला. फक्त फोन नंबर दिला असेल तर एवढं काही करायला नको, पण त्यावर येणारा ‘कंपनीचा’ फोन घेऊ नका.

खात्याची तक्रार करण्यापूर्वी प्रोफाइलची लिंक, हँडल आणि पूर्ण चॅट यांचे स्क्रीनशॉट काढा. खातं नंतर हँडल बदलतं किंवा गायब होतं आणि बँकेला किंवा पोलिसांना दाखवायला काही उरत नाही. आणि ‘माझी फसवणूक झाली’ अशी जाहीर पोस्ट टाकलीत, तर तिच्याखाली बुडालेले पैसे परत मिळवून देणारे ‘तज्ज्ञ’ येतील. ते त्याच धंद्यातले असतात आणि तेही आधी फी मागतात.