अनुभवाचा रकाना रिकामा असताना रेझ्युमे असा बदलला

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या मुलाचा दोन पानी रेझ्युमे होता. वर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’, मग दहावीपासूनचे गुण, प्रोजेक्ट थेट दुसऱ्या पानावर. शेवटी वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती आणि प्रतिज्ञापत्र. हे शेवटचं सगळं काढलं, ऑब्जेक्टिव्हही काढलं. एवढ्यानेच तो एका पानात आला.

आता नाव-संपर्काखाली शिक्षण दोन ओळींत, मग कौशल्यं आणि लगेच प्रोजेक्ट.

खरा वेळ प्रोजेक्टवरच द्यावा. आधी तिथे एवढंच होतं: ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम, जावा, चौघांचा गट’. यातून त्याने स्वतः काय केलं ते कळत नाही, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो. नवी नोंद अशी: ‘पुस्तक देवघेवीचा भाग आणि मायएसक्यूएलमधली पाच टेबलं मी बनवली, मुदत उलटली की दंड आपोआप मोजला जातो.’ सोबत गिटहबची लिंक. आकडा मोजता येत असेल तरच लिहा. ‘कार्यक्षमता ४० टक्के वाढली’ असं लिहिलं, तर ती कशी मोजली हे सांगावं लागतं.

इंटर्नशिप महिन्याभराची असली तरी ‘प्रशिक्षण घेतलं’ असं न लिहिता हातून झालेलं काम लिहा. कॉलेजच्या कार्यक्रमांपैकी जबाबदारीचं एकच ठेवा. नुसत्या सहभागाची प्रमाणपत्रं गाळा.

दोन रकान्यांचा टेम्प्लेट टाळलेला बरा. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. ओळी एकमेकींत मिसळल्या, तर भरतीचं सॉफ्टवेअरही तसंच वाचण्याची शक्यता असते.