पावसाळी भाजी : गढूळ पाण्यात टीसीएल टाकू नका

गोराई, मनोरी, उत्तनच्या वाड्यांत सध्या पालक, माठ, मुळ्याची काढणी चालू आहे. एकच गोष्ट सारखी दिसते. विहिरीला लाल गढूळ पाणी आलं की चमचाभर टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर, भिरकावायची आणि त्याच पाण्यात जुड्या धुवायच्या. रात्री टेम्पोत भरलेला पालक सकाळी बाजारात उतरवताना देठाशी बुळबुळीत झालेला असतो. सडका देठ एकच असला, तरी धुण्याच्या टाक्यातून त्याची कूज सगळ्या जुड्यांना लागते.

पावडर कमी पडली असं वाटून लोक आणखी टाकतात. पावडर कमी पडत नाही, ती मातीत खर्च होते. क्लोरीन जंतूला जाळतो तसा पाण्यातला गाळ, पानांचा चोथा, शेणाचे कण यांनाही जाळतो, आणि समोर जे जास्त असेल त्यावर आधी संपतो. मातीच्या कणाआड बसलेला जंतू मात्र सुरक्षित राहतो.

एका वाडीतलं उदाहरण घ्या. विहिरीचा व्यास 3 मीटर, पाणी 4 मीटर. व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले 0.785 केलं की साधारण 28 घनमीटर, म्हणजे 28 हजार लिटर. हजार लिटरला चांगली ताजी पावडर 2.5 ग्रॅम या सरकारी मात्रेने 70 ग्रॅम झाली. तेवढी टाकून तासाने ओटी टेस्ट घेतली, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला असेल तर पिवळा रंग देणारे थेंब टाकून पाहिले, तर नळीत पिवळेपणाचा मागमूस नाही. पावडर ताजी होती, मात्राही बरोबर होती. पाणी इतकं गढूळ होतं की बादलीच्या तळाला टाकलेलं नाणं दिसत नव्हतं, एवढंच.

म्हणून आधी पाणी निवळा. विहिरीत ते जमत नाही, टाकीत जमतं. हजार लिटरच्या टाकीत 30 ग्रॅमपर्यंत तुरटी विरघळवून ढवळा, रात्रभर ठेवा आणि तळाचा गाळ न हलवता वरचं पाणी दुसऱ्या टाकीत घ्या. नाणं स्वच्छ दिसलं तरच पुढे. पावडर थोड्या पाण्यात कालवून पातळ करा, पाच-दहा मिनिटांत चुना खाली बसतो. वरची निवळी टाकीत ओता, चुना फेकून द्या. तासाने ओटीचे थेंब टाकताच फिका पिवळा रंग आला पाहिजे. नळीतलं तपासलेलं पाणी पिऊ नका, ओतून टाका. पावसात मी 2.5 ऐवजी 5 ग्रॅमपासून सुरुवात करतो. हा माझा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. दमट हवेत तोंड उघडं राहिलेल्या पिशवीचा जोर उतरतो, हे त्यामागचं कारण.

मुळांची माती पहिल्या साध्या पाण्यात काढा, क्लोरीनचं पाणी शेवटच्या बुडीला वापरा. नाहीतर पहिल्या दहा जुड्यांतच तो संपेल.

सध्या दुकानदार अल्ट्राव्हायोलेट मशिन गळ्यात मारतात. तो प्रकाश जंतूच्या जनुकांना इजा करतो, त्यामुळे जंतूची वाढ थांबते. पण गढूळ पाण्यात प्रकाश पोचतच नाही, म्हणजे निवळायचं काम तिथेही टळत नाही. शिवाय मशिनमधून बाहेर पडलेल्या पाण्यात राखण करणारं काहीच उरत नाही. घाणेरड्या टाक्यात पडलं की पुन्हा जैसे थे. दिवा दिसायला पेटलेला असतो, पण साधारण वर्षभरात त्याचा जोर ओसरतो, आणि काचेवर क्षार चढला की त्याहून लवकर. जुड्या धुण्यासाठी हे घेऊ नका.

प्यायच्या पाण्याचं वेगळं. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा जंतू नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही, उकळल्यावर मरतो. मजुरांसाठी आणि पोरांसाठी पाणी उकळाच. मुंबईच्या उंचीला खळखळून एक मिनिट पुरे, वीस मिनिटं गॅस जाळू नका. ज्यात थंड कराल त्याच झाकणाच्या भांड्यात ठेवा, कारण उकळलेल्या पाण्यातही नंतर राखण नसते.

खाडीकडच्या विहिरीचं खारटपण क्लोरीन, अल्ट्राव्हायोलेट आणि उकळणं या तिघांपैकी कशानेही जात नाही. संडासाच्या खड्ड्यातून झिरपलेलं नायट्रेट आणि फवारणीचं औषध काढायलाही या तिघांवर भरवसा ठेवू नका. उकळून पाणी आटलं की मीठ आणि नायट्रेट दोन्ही उलट दाट होतात. अशी विहीर पिण्यासाठी बंद, पाणी दुसरीकडून आणा.

या आठवड्याची कामं :
• वाफ्यात साचलेलं पाणी चर काढून बाहेर
• काढणी पाऊस उघडल्यावर, सडके देठ वाफ्यावरच वेगळे
• धुण्याचं टाकं रोज रिकामं करून घासणे
• विहिरीचा कठडा आणि भोवतीचा उतार दुरुस्त

ट्रायकोडर्मा किंवा जीवामृत क्लोरीनच्या पाण्यात कालवू नका, तो कामाचे जंतूही मारतो. त्यासाठी निवळलेलं, पावडर न टाकलेलं पाणी वेगळं काढून ठेवा.