घरमालकाकडे भाड्याच्या पावत्या आणि पॅन मागताय? या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत ऑफिसातून गुंतवणुकीचे पुरावे मागणारा मेल येतो आणि मग घरमालकाला घाईघाईत मेसेज जातो: 'काका, पॅन पाठवा ना, एचआरएला लागतोय.' तिकडून उत्तर येत नाही. आलं तरी बऱ्याचदा ते पुढे अडतं.

पत्र लिहिण्याआधी आपण कोणत्या करप्रणालीत आहोत ते पाहा. एचआरएची सवलत फक्त जुन्या प्रणालीत मिळते. नवी निवडली असेल तर पत्राची गरजच नाही. वर्षाचं भाडं १ लाखाच्या आत असेल तर पॅनही लागत नाही, पावत्या पुरतात.

पॅन चुकीच्या माणसाचा

सर्वांत जास्त दावे इथे अडकतात. फ्लॅट काकूंच्या नावावर, करारावर सही काकूंची, पण भाडं जातं काकांच्या खात्यात. मग काका स्वतःचाच पॅन पाठवतात. करारावर एक नाव आणि पॅनवर दुसरं दिसलं की पेरोलवाले फाइल परत पाठवतात. करारात जो मालक आहे, पावतीवर सही त्याची आणि पॅनही त्याचाच हवा. पैसे दुसऱ्याच्या खात्यात जात असतील, तर 'माझ्या सांगण्यावरून भाडं यांच्या खात्यात जमा होतं' अशी एक ओळ मालकाकडून लिहून घ्या. मालक दोघं असतील आणि भाडं दोघांत वाटलं जात असेल तर दोघांचे पॅन आणि प्रत्येकाचा वाटा मागा.

पॅन हाती आला की चौथं अक्षर बघा. व्यक्तीच्या पॅनमध्ये ते P असतं आणि पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं. आकडा टाइप करताना झालेली चूक बऱ्याचदा इथेच पकडली जाते.

मेंटेनन्स भाड्यात मिसळणं

समजा, पुण्यात भाडं १८,००० आहे आणि सोसायटीचा मेंटेनन्स २,५०० वेगळा, पण दरमहा २०,५०० एकत्रच ट्रान्सफर होतात. पावती २०,५०० ची घेतली तर ती कराराशी जुळत नाही. पावती १८,००० चीच घ्या आणि उरलेले २,५०० कशाचे, ते पत्रात लिहा. भाडं रोखीने देत असाल तर ५,००० च्या वरच्या पावतीवर १ रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावरून सही घ्यायला विसरू नका.

नुसतं 'पावत्या द्या' म्हणणं

कोणत्या महिन्यांच्या, किती रकमेच्या, कोणाच्या नावाने, हे मालकाने शोधत बसावं अशी अपेक्षा ठेवू नका. पावत्या स्वतः भरून न्या, त्यांच्याकडून फक्त सही घ्या. पत्र असं चालेल:

> सौ. काकूंस,
> स. न. वि. वि.
> आपल्या फ्लॅटमध्ये मी नोंदणीकृत करारानुसार दरमहा १८,००० रुपये भाड्याने राहतो. एचआरएच्या सवलतीसाठी ऑफिसात एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षाच्या पावत्या आणि आपला पॅन द्यायचा आहे. दरमहा जमा होणाऱ्या २०,५०० पैकी २,५०० मेंटेनन्सचे असल्याने ते पावतीत धरलेले नाहीत. आतापर्यंतच्या महिन्यांच्या पावत्या भरून सोबत जोडल्या आहेत, कृपया सही करावी. उरलेल्या महिन्यांच्या भाडं दिल्यावर आणीन. पॅनचा उपयोग फक्त या दाव्यासाठी होईल.
> आपला,
> (सही, तारीख, फ्लॅट क्रमांक)

'पॅन देत नाही' म्हटल्यावर कमी भाडं दाखवणं

आपलं उत्पन्न कळेल, ही मालकाची भीती. म्हणून मग दरमहा ८,३०० ची पावती घेऊन पॅन टाळण्याची युक्ती सुचवली जाते. ती खोटी तर आहेच, शिवाय तोट्याचीही. मूळ पगार आणि डीए मिळून दरमहा ५०,००० आणि एचआरए दरमहा २०,००० असेल, तर खऱ्या भाड्यावर सवलत वर्षाचं भाडं २,१६,००० वजा वर्षाच्या पगाराचे १० टक्के, म्हणजे ६०,०००, अशी १,५६,००० बसते. ८,३०० च्या पावत्यांवर ती ३९,६०० वर येते.

त्यापेक्षा काकूंना त्यांचा हिशेब दाखवा. २,१६,००० मधून ३० टक्के प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उरतात १,५१,२००. दुसरं उत्पन्न नसेल तर २०२५-२६ मध्ये नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर शून्य आहे.

पॅन काढलेलाच नसेल तर नाव-पत्त्यासह तसं लेखी निवेदन मालकाकडून घ्या. पण हे निवेदन पॅन नसलेल्यांसाठी आहे, असूनही न देणाऱ्यांसाठी नाही. पॅन मिळालाच नाही तर कंपनी सवलत न धरता टीडीएस कापेल. अशा वेळी मुदतीत जुन्या प्रणालीत रिटर्न भरताना दावा करता येतो. करार, सही केलेल्या पावत्या आणि भाडं गेल्याचं बँक स्टेटमेंट मात्र जपून ठेवा. विचारणा झाली तर हेच दाखवावं लागतं.