सिग्नलची सायकल किती सेकंदांची? माझ्या पहिल्या चौकाचा हिशोब

नोकरीला लागून दोनच महिने झाले होते, तेव्हा एका सिग्नलचा टायमिंग प्लॅन नव्याने करायचं काम माझ्याकडे आलं. तालुक्याच्या गावाबाहेरचा एकटा चौक, आसपास दुसरा सिग्नल नाही. मुख्य रस्ता आणि त्याला छेदणारा आडवा रस्ता, दोनच फेज, म्हणजे हिरवा आळीपाळीने दोनच पाळ्यांत मिळायचा. सायकल 90 सेकंदांची होती, म्हणजे एकदा लागलेला हिरवा पुन्हा लागेपर्यंत 90 सेकंद. संध्याकाळी आडव्या रस्त्यावरची रांग पार पेट्रोल पंपापर्यंत जायची.

सूत्र कॉलेजात शिकलेलंच होतं. वेब्स्टरने 1958 साली ब्रिटनमध्ये मांडलेलं, आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या IRC:93 या मार्गदर्शिकेतही सिग्नलच्या डिझाइनसाठी हीच पद्धत येते:

```
C = (1.5 L + 5) / (1 - Y)
```

L म्हणजे एका सायकलमध्ये वाया जाणारा वेळ. हिरवा लागल्यावर पहिली गाडी हलेपर्यंत साधारण 2 सेकंद जातात आणि पिवळ्यानंतर 3 सेकंद सगळीकडे लाल असतो. एका फेजचे 5, दोन फेजचे 10 सेकंद. Y साठी प्रत्येक फेजमधल्या सर्वात भरलेल्या बाजूची वाहतूक भागिले तिचा सॅच्युरेशन फ्लो काढायचा आणि या भागाकारांची बेरीज करायची. सॅच्युरेशन फ्लो म्हणजे हिरवा अखंड चालू राहिला आणि रांग संपलीच नाही, तर तासाला किती पीसीयू सुटतील तो आकडा. पीसीयू म्हणजे सगळ्या प्रकारची वाहनं एका मोटारीच्या मापात मोजायचं एकक. IRC:93 प्रमाणे साडेपाच मीटरहून रुंद रस्त्याला रुंदीच्या दर मीटरमागे 525 पीसीयू धरतात. मुख्य रस्त्याची येणारी बाजू 7 मीटर, म्हणून 3675. आडव्याची 6 मीटर, म्हणून 3150.

मग मी स्टॉप लाइनजवळ उभी राहून गाड्या मोजल्या. मुख्य रस्त्यावर तासाला 1470 पीसीयू, आडव्यावर 700. Y आला 0.62, सायकल निघाली 53 सेकंद. मी 55 घेतली, एका संध्याकाळी ती लावून बघितली, आणि आडव्या रस्त्यावरची रांग जागची हलली नाही. दर वेळी लाल लागायचा तेव्हा मागे दहाबारा गाड्या उरलेल्याच असायच्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या वरिष्ठ मॅडमनी माझे मोजणीचे कागद समोर ठेवले आणि आडव्या रस्त्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. 17, 18, 17, 18, 17. "अगं, प्रत्येक सायकलला एवढा सारखा आकडा कसा येतो? गाड्या काय ठरवून येतात?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जुन्या प्लॅनमध्ये आडव्या रस्त्याला 90 पैकी 20 सेकंदच उपयोगी हिरवा मिळत होता. 3150 चे 90 भागांतले 20 भाग म्हणजे 700. मी मोजली होती सिग्नलची सोडायची ताकद. येणाऱ्या गाड्या किती, ते मोजलंच नव्हतं. रस्ता तुंबलेला असेल तर स्टॉप लाइनवर कितीही वेळ उभं राहा, क्षमतेपेक्षा मोठा आकडा मिळणारच नाही. सायकलमागून सायकल आकडे चिकटून सारखे येत असतील आणि हिरवा संपताना रांग उरत असेल, तर ती मोजणी वापरू नका. मोजायला उभं राहायचं ते रांगेच्या शेपटाच्याही मागे, जिथे गाड्या अजून मोकळ्या धावत असतात. मी पेट्रोल पंपाच्या पलीकडे जाऊन पुन्हा मोजलं. आडव्या रस्त्याची खरी मागणी 945 निघाली. माझ्या 55 सेकंदांच्या प्लॅनमध्ये तिथली क्षमता होती 916. रांग हटणार कुठून?

आता Y झाला 0.40 अधिक 0.30, म्हणजे 0.70. सायकल 67 सेकंद आली, ती 70 केली. त्यातले 10 वाया, उरलेले 60 याच प्रमाणात वाटले: मुख्य रस्त्याला 34, आडव्याला 26. हा उपयोगी हिरवा झाला. पिवळ्यातही गाड्या निघतात, त्यामुळे दिव्यावर दिसणारा हिरवा एकेक सेकंद कमी, 33 आणि 25. दोन्हीकडे 3 पिवळा आणि 3 सगळीकडे लाल धरले की 70 जुळतात. बेरीज जुळवून पाहिल्याशिवाय कंट्रोलरमध्ये आकडे भरू नका.

हा प्लॅन घेऊन बैठकीत गेले, तर सूचना आली की थेट 120 करा, जास्त गाड्या निघतील. ही समजूत सगळीकडे भेटते, म्हणून सरासरी विलंबाचा हिशोब करून दाखवला. वेब्स्टरच्या विलंबाच्या सूत्राला दोन मुख्य भाग आहेत, आणि शेवटी दुरुस्ती म्हणून साधारण दहा टक्के वजा करतात:

```
d = 0.9 * [ c(1-g)^2 / (2(1-g*x)) + x^2 / (2q(1-x)) ]
```

इथे `c` सायकल, `g` सायकलमधला हिरव्याचा वाटा, `x` मागणी भागिले क्षमता, `q` सेकंदाला येणारी वाहतूक. पहिला भाग म्हणजे लाल संपायची वाट बघणं, तो सायकलबरोबर वाढत जातो. दुसरा भाग गाड्या कधी झुंडीने, कधी तुरळक येण्याचा, आणि `x` 1 च्या जवळ सरकला की तो भडकतो. आमच्या चौकासाठी सरासरी विलंब असा आला: 40 सेकंदांच्या सायकलला 28 सेकंद, 45 ला 22, 70 ला 20, 120 ला 27. सायकल 70 वरून 120 केली की हिरव्याचा एकूण वाटा 86 टक्क्यांवरून 92 टक्क्यांवर जातो, एवढीच कमाई. त्यासाठी मागणी आधीच भागत असलेल्या चौकात प्रत्येक गाडीला सरासरी 7 सेकंद जास्त थांबायचं.

या आकड्यांचा आकार नीट बघा. कमी बाजूला 45 वरून 40 ला आलात की विलंब एकदम उसळतो. जास्त बाजूला तो हळूहळू चढतो. म्हणून 67 ला 70 केलं तरी बिघडत नाही, आणि आकडा सरकवायचाच असेल तर मी वरच्या बाजूला थोडा सरकवते. पण Y 0.9 झाला तर हेच सूत्र 200 सेकंदांची सायकल सांगेल. तिथे सूत्र सोडा आणि रस्त्याकडे बघा: एखादी फेज कमी होते का, स्टॉप लाइनजवळची पार्किंग हटवून रुंदी वाढते का. `x` 1 झाला की विलंबाचं सूत्रही अनंत उत्तर देतं, ते तिथे लावूच नये.

45 ला विलंब 22 च आहे, मग तेच का नाही घेतलं? कारण पायी चालणारे. आडव्या रस्त्याला हिरवा असताना माणसं 14 मीटरचा मुख्य रस्ता ओलांडतात. सेकंदाला 1.2 मीटर या चालीने जवळजवळ 12 सेकंद, त्याआधी पाऊल टाकायला 7, म्हणजे 19 सेकंद हवेत. 45 च्या सायकलमध्ये आडव्याला दिसणारा हिरवा 14 सेकंदच येतो. शाळा सुटल्यावर तिथे दप्तरं घेऊन मुलं उभी असतात, त्यांना मध्येच अडकवणारा प्लॅन मी सही करून देणार नव्हते. 70 मध्ये 25 मिळतात.

रात्रीच्या प्लॅनलाही हेच लागू पडलं. साडेनऊनंतर Y 0.35 वर उतरतो आणि सूत्र 31 सेकंद सांगतं. पण मुख्य रस्ता ओलांडायला 19, आडवा 12 मीटरचा रस्ता ओलांडायला 17, आणि दोन्ही फेजचे पिवळा-लाल मिळून 12, असे 48 सेकंद लागतातच. रात्रीसाठी आम्ही 50 ची सायकल भरली.